तुमच्याकडे तेव्हा किती वाजलेले असतील?

मुलाखतीची वेळ कळवणारा निरोप लिहायला पाच मिनिटं पुरतात, असं आमच्या कचेरीत सगळ्यांनाच वाटतं. उमेदवार साताऱ्याचा किंवा नांदेडचा असेल तर ते खरंही आहे. तारीख, वार, वेळ, पत्ता, मूळ प्रमाणपत्रं सोबत आणावीत; संपलं. पण उमेदवार परदेशात असला की तेवढ्याच चार ओळींवर माझा अर्धा दिवस जातो. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब विचारतात, "एवढं काय लिहिताय? वेळच तर कळवायचीय." मी म्हणते, हो, वेळच कळवायचीय, पण कुणाची?

मी पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत काम करते. कॉलेजच्या जागा भरायच्या असल्या की अर्जांची छाननी वरचे लोक करतात. उमेदवाराशी बोलणं, पॅनेलच्या तीन जणांच्या वेळा जुळवणं आणि निरोप पाठवणं हे माझ्याकडे. पूर्वी परदेशातून अर्ज क्वचित यायचे. आता मुलाखत व्हिडिओवर होऊ शकते म्हटल्यावर दरवर्षी चारपाच तरी येतात. त्यांतले बरेच आपल्याच लोकांचे असतात. बाहेर दहा वर्षं काढलेली, घरी म्हातारे आईवडील असलेली, परत यायची वाट शोधणारी माणसं. अशा माणसाला एक मुलाखत मिळते. ती चुकली तर दुसरी वेळ मिळेलच असं नसतं, कारण पॅनेलवरचे बाहेरचे तज्ज्ञ पुन्हा कधी मोकळे होतील ते त्यांनाही माहीत नसतं.

आमच्या कोकणी मुस्लिम घरांना दुसऱ्या देशाची वेळ काही नवी नाही. अब्बा कुवेतला होते तेव्हा अम्मीला घड्याळ बघावंही लागत नसे. इथे साडेनऊ वाजले की तिकडे सात. "अडीच तास कमी" हा आमच्या घरातला पाढा होता. ज्यांची माणसं दुबईला किंवा मस्कतला, त्यांचा पाढा दीड तासाचा. कुवेत, कतार, सौदी, बहरीन अडीच. अमिराती आणि ओमान दीड. उन्हाळा असो की हिवाळा, हे आकडे हलत नाहीत, कारण ते देश घड्याळ मागेपुढे करत नाहीत आणि आपणही करत नाही. म्हणून दोन देशांतला फरक एकदा पाठ केला की जन्मभर पुरतो, असा एक समज आपल्याकडे मुरलेला आहे. आखातापुरता तो बरोबरही आहे. मुलं लंडन, डब्लिन, टोरांटोला जायला लागल्यापासून मात्र तोच समज घात करतो.

या तीन शहरांपैकी डब्लिनचा घात सगळ्यांत फसवा आहे, म्हणून तिथलंच उदाहरण सविस्तर सांगते.

आपण भारतातली वेळ लिहिताना पुढे तीन अक्षरं टाकतो: IST. आपल्या लेखी त्याचा अर्थ एकच, भारतीय प्रमाणवेळ. आयर्लंडमध्येही हीच तीन अक्षरं चालतात आणि तिथे त्यांचा अर्थ आयरिश प्रमाणवेळ असा होतो. ही कुणी गमतीने पाडलेली पद्धत नाही. आयर्लंडने १९६८ साली कायदा करून ग्रीनिचच्या एक तास पुढची वेळ हीच देशाची प्रमाणवेळ ठरवली, आणि १९७१ च्या दुरुस्तीने हिवाळ्यापुरतं घड्याळ एक तास मागे घ्यायचं ठरलं. म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत डब्लिनमध्ये जी वेळ चालते तिलाच IST म्हणतात. वर्षातले जवळजवळ सात महिने.

माझ्या एका मैत्रिणीच्या भाच्याला हे महागात पडलं. जून महिना होता. तो डब्लिनला, मुलाखत घेणारी एक संस्था इकडे. निरोपात होतं, "दुपारी ३ वाजता IST". पाठवणाऱ्याने पुण्यामुंबईची वेळ लिहिली. वाचणाऱ्याने आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची वाचली, कारण त्याच्या पगाराच्या कागदांपासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत त्या अक्षरांचा अर्थ तोच होता. इथे तीन वाजले तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा झाले होते आणि तो कामावर होता. तो तीनला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते आणि पॅनेल घरी पोचलं होतं. त्याच्या नावापुढे "अनुपस्थित" असा शेरा पडला. त्याने दोनदा पत्र लिहून खुलासा केला. उत्तर आलं नाही. चूक कुणाची यावर वाद घालता येईल, पण शेरा कुणाच्या नावापुढे पडला याबद्दल काही वाद नाही.

तेव्हापासून परदेशी निरोपात मी ही तीन अक्षरं लिहीत नाही. "पुण्याची वेळ" आणि "डब्लिनची वेळ" असं लिहिते. शहराच्या नावाला दुसरा अर्थ नसतो. टोरांटो, न्यूयॉर्कच्या माणसांशी बोलतानाही हेच बरं. तिकडे EST म्हणजे हिवाळ्यातली वेळ आणि EDT म्हणजे उन्हाळ्यातली. पण तिथली माणसंसुद्धा बोलताना बाराही महिने EST म्हणून मोकळी होतात. अक्षरं बरोबर आहेत की नाहीत हे तपासत बसण्यापेक्षा शहराचं नाव लिहिलेलं सोपं.

आता २०२५ च्या दिवाळीची गोष्ट. रसायनशास्त्राच्या जागेसाठी एका बाईंचा अर्ज आला होता. मूळच्या दापोलीकडच्या, डब्लिनला औषधाच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत कामाला. अम्मी गावी एकटी, म्हणून परत यायचंय, असं त्यांनी अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत लिहिलं होतं. शुक्रवार, १७ ऑक्टोबर हा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. कॉलेज सोमवारी, २७ तारखेला उघडणार. पॅनेलने सांगितलं, "२७, २८, २९ पैकी कधीही, दुपारी बारा ते संध्याकाळी सात यांच्यामध्ये. पाऊण तास."

निरोप १७ तारखेला जाणार आणि मुलाखत २७ नंतर होणार. मधे रविवार येतो २६ ऑक्टोबरचा, म्हणजे महिन्यातला शेवटचा रविवार. त्या पहाटे दोन वाजता आयर्लंडमधली घड्याळं एक तास मागे जाऊन पुन्हा एक वाजतो. निरोप पाठवायच्या दिवशी पुणे आणि डब्लिन यांच्यात साडेचार तासांचा फरक होता. मुलाखतीच्या दिवशी तो साडेपाच होणार होता.

इथे फोन आपल्याला फसवतो. फोनवरच्या जागतिक घड्याळात डब्लिन टाकलं तर ते अगदी बरोबर वेळ दाखवतं, पण आत्ताची. दहा दिवसांनंतरच्या दुपारी तिथे किती वाजतील हे ते सांगत नाही. आपण मात्र आजचा फरक बघतो आणि पुढच्या तारखेला लावून टाकतो. त्याऐवजी फोनच्याच कॅलेंडरमध्ये २७ तारीख उघडावी, नवी नोंद करावी, वेळेच्या खाली जिथे प्रदेश निवडायचा असतो तिथे डब्लिन निवडून सकाळचे नऊ टाकावेत आणि नोंद जतन करावी. आपल्या कॅलेंडरमध्ये ती दुपारी अडीचला जाऊन बसलेली दिसते. हिशेब त्या तारखेचा होतो, आजचा नाही. काही ठिकाणी प्रदेशाचं नाव Europe/Dublin असं दिसतं, आपलं Asia/Kolkata. पुणे किंवा मुंबई सापडली नाही तर घाबरू नये, सगळ्या भारताला तेच एक नाव आहे.

फरक कळला, आता पर्याय. "तुम्हाला सोयीची वेळ कळवा" असं लिहिणं सभ्यपणाचं वाटतं, पण नोकरीच्या गरजेत असलेला माणूस त्यावर "तुम्ही म्हणाल ती" असंच उत्तर देतो, आणि मग पहाटे चारलाही हो म्हणतो. दहा वेळा दिल्या तर पॅनेलच्या तिघांना तेवढे दिवस अडकून बसावं लागतं. मी तीन देते, आणि तिन्ही वेगळ्या जातीच्या. एकाच दिवसातल्या दोन, अडीच आणि तीन या वेळा दिल्या तर तो एकच पर्याय झाला. त्या दुपारी माणूस कामावर असेल तर तिन्ही वाया.

परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाला मुलाखत लपवूनच द्यावी लागते. प्रयोगशाळेतल्या साहेबाला "मी दुसरीकडे मुलाखत देतेय, तासभर जाऊ का?" असं विचारता येत नाही. म्हणजे तिच्या दिवसात तीनच फटी सापडतात: कामाला जाण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, किंवा कामावरून आल्यावर. डब्लिनची संध्याकाळ साडेपाचची धरली तर इथे रात्रीचे अकरा वाजतात. पॅनेल बसणार नाही. तो मार्ग बंद. कामाआधी सकाळी सात म्हणजे इथे दुपारी साडेबारा, चालेल. जेवणाच्या सुट्टीत दुपारी एक म्हणजे इथे संध्याकाळी साडेसहा. शेवट सव्वासातला होतो, पण पंधरा मिनिटांसाठी मी पॅनेलला राजी केलं.

तिसरा पर्याय मला आयर्लंडच्या सुट्ट्यांच्या यादीत सापडला. तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे २७ तारीख. त्या दिवशी सकाळी नऊला बाई घरीच असण्याची शक्यता, आणि इथे दुपारचे अडीच. दुसऱ्या देशातल्या माणसाला दिवस देताना आपली सुट्टी बघतो तशी त्यांचीही बघावी. आखाताच्या बाबतीत तर आठवड्याचीही सुट्टी बघावी लागते. कुवेत आणि सौदीत ती शुक्रवार-शनिवार. आपण रविवार मोठ्या उदारपणे देऊ करतो, तो त्यांचा आठवड्यातला पहिला कामाचा दिवस असतो. अमिरातींनी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस केला आहे. तिथे रविवार चालतो, पण शुक्रवारी दुपारी जुम्याच्या वेळी मुलाखत ठेवू नये एवढं आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगितलं.

मग मी हा निरोप लिहिला. व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तोच मजकूर ईमेलवर:

"नमस्कार. रसायनशास्त्र सहायक प्राध्यापक या जागेसाठी आपली व्हिडिओ मुलाखत घ्यायची आहे. मुलाखत पाऊण तासाची असेल. खालीलपैकी आपल्याला सोयीची वेळ निवडावी.

पर्याय १ : सोमवार, २७ ऑक्टोबर. डब्लिन सकाळी ९.०० (पुणे दुपारी २.३०)

पर्याय २ : मंगळवार, २८ ऑक्टोबर. डब्लिन दुपारी १.०० (पुणे संध्याकाळी ६.३०)

पर्याय ३ : बुधवार, २९ ऑक्टोबर. डब्लिन सकाळी ७.०० (पुणे दुपारी १२.३०)

रविवारी, २६ तारखेला आपल्याकडची घड्याळं एक तास मागे जात आहेत. वरच्या वेळा तो बदल धरून दिल्या आहेत. मुलाखतीच्या दिवशी आपण डब्लिनलाच असाल ना? दुसऱ्या शहरात असाल तर कळवावे, त्याप्रमाणे वेळ सांगू.

कृपया उत्तरात पर्यायाचा क्रमांक आणि आपल्या घड्याळातली वेळ, दोन्ही लिहावीत. सोमवारी, २० तारखेपर्यंत उत्तर आले तर तिन्ही वेळा आपल्यासाठी राखून ठेवता येतील. तिन्ही गैरसोयीच्या असतील तर तसेही मोकळेपणाने सांगावे. त्याचा मुलाखतीवर काही परिणाम होणार नाही."

यातली एकेक गोष्ट का आहे ते सांगते. उमेदवाराची वेळ आधी आणि आपली नंतर कंसात, कारण वाचणाऱ्याची नजर पहिल्या आकड्यावर ठरते आणि गजर ती त्याच आकड्याचा लावते. तारखेसोबत वार, कारण दोन्हींपैकी एक चुकलं तर दुसरं ते उघडं पाडतं. "सकाळी", "दुपारी" हे शब्द तर आपल्या भाषेची देणगीच समजा. इंग्रजीतल्या १२ च्या पुढे कोणती दोन अक्षरं लावायची यात भलेभले अडखळतात, पण "दुपारी साडेबारा" यात अडखळायला जागाच नाही. आणि "उद्या", "परवा", "येत्या सोमवारी" यांतलं काही नाही. निरोप इथून रात्री गेला तर तिथे अजून संध्याकाळ असते. अमेरिकेत तर सकाळ. अमेरिकेतला माणूस तो मध्यरात्रीनंतर उघडेल तर "उद्या" एक दिवस पुढे सरकलेला असतो.

रात्रीच्या वेळेपासून मी आणखी एका कारणाने लांब राहते. दिवस नेमका कधी बदलतो याबद्दल आपल्या डोक्यात एकाहून जास्त घड्याळं चालतात. सरकारी तारीख मध्यरात्री बदलते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून "शनिवारी रात्री साडेबारा" म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा तारखेने रविवार असतो. आणि आमच्याकडे दिवस मगरिबला बदलतो. घरात कुणी "जुम्याची रात" म्हटलं तर ती गुरुवारची रात्र असते, शुक्रवारची नव्हे. कॅलिफोर्नियातल्या उमेदवाराला रात्रीची वेळ द्यावीच लागली, तर मी "शनिवार संपून रविवार सुरू झाल्यावर" असं सरळ लिहून टाकते. वाचायला बोजड, पण एकच अर्थाचं.

बाईंचं उत्तर शनिवारी आलं. "नमस्कार मॅडम. पर्याय २ बद्दल विचारायचं होतं. पुण्याचे साडेसहा म्हणजे आमच्याकडे दोन वाजतात. तुम्ही एक लिहिलंय. मी आत्ताच फोनमध्ये बघितलं."

असं उत्तर आलं की मला बरं वाटतं. दोन्ही शहरांच्या वेळा समोरासमोर लिहिल्या होत्या म्हणून विसंगती तिच्या डोळ्यांत आली आणि तिने विचारलं. फक्त पुण्याची वेळ लिहिली असती तर ती फोनचा साडेचार तासांचा फरक लावून मोकळी झाली असती, आणि तासभर उशिरा आली असती. फक्त डब्लिनची लिहिली असती तर पॅनेल कधी बसणार हे तपासायला तिच्याकडे काही उरलं नसतं. दोन आकडे एकमेकांचे साक्षीदार असतात.

मी लिहिलं, "तुमच्या फोनमध्ये आजचा फरक दिसतोय. २६ तारखेला रविवारी पहाटे तुमचं घड्याळ एक तास मागे जाईल. कॅलेंडरमध्ये २८ तारखेला पुण्याचे साडेसहा टाकून बघा."

दहा मिनिटांनी उत्तर आलं, "हो, एकच दाखवतंय. निरोपात तुम्ही लिहिलं होतं तरी डोक्यात शिरलं नाही. दरवर्षी त्या रविवारी तासभर जास्त झोपायला मिळतं एवढंच लक्षात राहतं." मग पुढे, "जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाचीच असते. बुधवारी सकाळी सातला घरातल्या इतर मुली कामाला निघण्याच्या गडबडीत असतात, एकच बैठकीची खोली आहे. सोमवारी सुट्टी आहे, सगळ्या बाहेरगावी जाणार. पर्याय १. डब्लिनचे सकाळचे नऊ."

अर्ध्या तासाची सुट्टी आणि एकच बैठकीची खोली, या गोष्टी मला पुण्यात बसून कळणार नव्हत्या. तीन वेगळ्या जातीच्या वेळा द्यायच्या त्या यासाठीच. माणूस स्वतःच्या घराचा नकाशा आपल्याला सांगत नाही, पण निवड करताना तो वापरतो.

निवडलेला पर्याय मात्र घड्याळाच्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याचा होता. बदलानंतरची दुसरीच सकाळ. फोन आपोआप बदलतो, पण भिंतीवरचं, स्वयंपाकघरातल्या ओव्हनवरचं आणि मनगटावरचं घड्याळ कुणीतरी हाताने मागे घ्यावं लागतं. सुट्टीच्या सकाळी यांतलं एखादं मागे राहिलेलं असणं अगदी शक्य. बाईंच्या बाबतीत तासभर लवकर बसल्या असत्या, नुकसान नव्हतं. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे जातात, तेव्हा न बदललेलं घड्याळ माणसाला तासभर उशिरा आणतं.

म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी बरोबर सहा वाजता मी एक ओळ पाठवली: "आत्ता पुण्यात संध्याकाळचे ६.०० वाजलेत. तुमच्याकडे दुपारचे १२.३० वाजले असतील. बरोबर?" ही ओळ माझी आवडती आहे. तिच्यात काही हिशेब करावा लागत नाही, फक्त मान वर करून बघावं लागतं. बदल होऊन गेलेला असतो, त्यामुळे आजचा फरक हाच उद्याचाही. तिने घड्याळाकडे बघून "साडेबारा" असं लिहिलं तर काम झालं. "दीड" लिहिलं तर बोलायला अजून वीस तास हातात असतात. तिने उत्तर म्हणून ओव्हनच्या घड्याळाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे आत्ता तुमच्या मेसेजनंतर नीट केलं."

पक्कं करण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. "ओके" किंवा अंगठ्याचं चित्र याला मी होकार धरत नाही. अंगठा एवढंच सांगतो की निरोप दिसला. त्या माणसाने तो कसा वाचला हे अंगठ्यात येत नाही. मैत्रिणीच्या भाच्यानेही त्या जूनमध्ये "ओके सर" असंच पाठवलं होतं. उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या शहराचं नाव घेऊन वेळ परत लिहिली, तरच ती पक्की. तसं उत्तर आलं नाही तर मी पुन्हा विचारते. काहींना ते शाळेतल्या बाईंसारखं वाटतं. वाटू दे.

हे सगळं एका शहराचं झालं. त्याच आठवड्यात टोरांटोच्या एकाची वेळ ठरवायची होती, आणि तिथे सगळं उलट. कॅनडा आणि अमेरिका युरोपाबरोबर घड्याळ बदलत नाहीत. ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, म्हणजे २०२५ मध्ये २ तारखेला. त्यामुळे मधल्या आठवड्यात डब्लिनचा फरक बदललेला आणि टोरांटोचा अजून जुनाच, साडेनऊ तास. २ तारखेनंतर साडेदहा. मोरोक्कोचं तर आपल्या लोकांना नवल वाटेल: तिथे वर्षभर एक वेळ असते आणि रमजानच्या महिन्यापुरतं घड्याळ एक तास मागे घेतात. रमजान दरवर्षी दहाअकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे बदलाची तारीखही सरकते. असं पाठ करायला गेलं तर पाठांतर कधी संपायचं नाही. मी काहीच पाठ करत नाही. त्या शहराचं नाव आणि मुलाखतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकते आणि तिथे काय दिसतं ते लिहिते. आखाताची वेळसुद्धा आता मी तशीच बघते, पाढा पाठ असूनही.

सोमवारी बाई नऊला पाच कमी असतानाच पडद्यावर आल्या. पाठीमागे रिकामी बैठकीची खोली, खिडकीत पावसाळी उजेड. पॅनेल अडीचला बसलं. पुढचा पाऊण तास माझा नव्हता. त्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं हे त्यांचं आणि पॅनेलचं. माझ्याकडे मुलाखतीच्या तक्त्यातला एकच रकाना असतो, "वेळेवर उपस्थित : होय / नाही". त्या रकान्याखाली निरोप कसा लिहिला होता हे नोंदवायला जागा ठेवलेली नाही. मी "होय" वर खूण केली आणि टोरांटोचा कागद पुढे ओढला.